अभंग सलग टाइप झालाय? आधी अक्षरं मोजा

एंटर मारत सुटू नका. मोठ्या अभंगाच्या कडव्यात बहुधा ६-६-६-४ अक्षरांचे चार चरण असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं. जोडाक्षर एकच धरायचं. समजा, 'दारी लावू दिवा ओठी राहो नाम मनी तुझे धाम पांडुरंगा' असं सलग आलंय. नाम-धाम हे यमक दिसलं की तोड सापडली:

दारी लावू दिवा । ओठी राहो नाम ।
मनी तुझे धाम । पांडुरंगा ॥१॥

प्रत्येक कडवं असंच दोन ओळींत. एखाद्या चरणात अक्षर कमी-जास्त भरलं तर ते गाताना सांभाळलं जातं. आपण शब्द 'सुधारायचा' नाही, फक्त मूळ प्रतीशी ताडून पाहायचा.

वर्डमध्ये कडव्याच्या आत `Shift+Enter`, कडवं संपलं की `Enter`. मधली जागा परिच्छेदाच्या सेटिंगमधून द्या, रिकाम्या ओळींनी नको. नाहीतर पान उलटताना वरती भलतंच अंतर दिसतं. मजकूर डावीकडे ठेवा. जस्टिफाय केला की `Shift+Enter`च्या ओळी ताणून शब्दांत खिंडारं पडतात (माझी पहिली पुस्तिका अशीच छापली गेली).

ध्रुवपद एकदाच पूर्ण, शेवटी ॥धृ॥. पुढे प्रत्येक कडव्याखाली त्याचे पहिले दोन शब्द पुरतात.