प्रबंधातल्या सैद्धांतिक चौकटीच्या प्रकरणात संकल्पनेचा उगम शोधताना किती मागे जायचं?

तुम्ही वापरताय ती व्याख्या जिथे तयार झाली तिथपर्यंत. शब्द पहिल्यांदा छापला गेला तिथपर्यंत नाही. अलीकडच्या लेखातलं व्याख्येचं वाक्य घ्या, त्यात ज्याचा हवाला आहे तो मूळ ग्रंथ उघडा आणि व्याख्या तीच आहे का ते पाहा. प्रत्येक पायरीवर हेच करा. ‘सामाजिक भांडवल’ घ्या. पटनम ते समाजाकडे असलेला परस्परविश्वास आणि जाळी म्हणून मोजतात. पटनम कोलमन यांच्या १९८८च्या लेखावर उभे आहेत, तिथे मात्र सामाजिक भांडवल नात्यांच्या रचनेत असतं. बूर्द्यू यांच्याकडे तर ते व्यक्तीला गटाच्या सदस्यत्वातून मिळणारं, विषमता टिकवणारं साधन आहे. म्हणजे एका ओळीत तिघांची नावं कंसात टाकली की चौकट तिथेच फाटते, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात. विश्वासाची प्रश्नावली वापरणार असाल तर पटनम-कोलमन धागा पुरे. बूर्द्यू फरक दाखवण्यापुरते.

एक अपवाद: हॅनिफन यांनी १९१६मध्येच हा शब्द वापरला होता, पण बूर्द्यू-कोलमन यांच्या मांडण्या त्यातून निघालेल्या नाहीत. तो उल्लेख एका वाक्यात ठेवा, वंशावळीत नको.