मजकुरात शब्द शोधताना दोन लूप कधी पुरतात?

"मोठ्या मजकुरात एक शब्द शोधायचाय. दोन लूपचा साधा कोड चालेल, की केएमपी किंवा रोलिंग हॅश लिहावंच लागेल?"

माणसांनी लिहिलेला मजकूर आणि छोटा शब्द असेल, तर साधा कोड चालेल. बहुतेक जागी पहिल्या-दुसऱ्या अक्षरालाच तुलना फसते, त्यामुळे आतला लूप फारसा फिरतच नाही. अडचण येते ती एकाच अक्षराच्या पुनरावृत्तीत. मजकुरात 10 लाख `a` आणि पॅटर्नमध्ये 5 लाख `a`, शेवटी `b` असेल, तर सुमारे 250 अब्ज तुलना होतात. केएमपीला मजकुरावरून जाताना 20 लाखांहून जास्त लागत नाहीत.

कारण छोट्या उदाहरणात दिसतं. `aaaaab` मध्ये `aaab` शोधू. केएमपी आधी पॅटर्नचा प्रीफिक्स तक्ता बनवतं: प्रत्येक अक्षरापर्यंतच्या तुकड्यात, पूर्ण तुकडा सोडून, शेवटची जास्तीत जास्त किती अक्षरं पॅटर्नच्या सुरुवातीशी जुळतात. इथे तो `0 1 2 0`. तीन `a` जुळले, चौथ्याला `b` हवा होता पण `a` आला. साधा कोड इथे मजकुरात मागे जातो. तक्ता मात्र सांगतो की जुळलेल्या `aaa` मधली शेवटची दोन अक्षरं म्हणजे पॅटर्नची पहिली दोनच. म्हणून मजकुरातली जागा तीच ठेवून पॅटर्नच्या तिसऱ्या अक्षराशी तुलना करायची. कोडमध्ये `t` मजकूर, `p` पॅटर्न, `pi` तक्ता, आणि `i`, `j` या मजकुरातल्या व पॅटर्नमधल्या जागा:

```
while (j > 0 && t[i] != p[j]) j = pi[j-1];
```

एकाच लांबीचे अनेक शब्द एकदम शोधायचे असतील, तर मी रोलिंग हॅश घेईन, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्यासाठी एक आकडा, जो पुढे सरकताना आधीच्या आकड्यावरूनच काढता येतो. फक्त हॅश जुळला म्हणजे शब्द जुळला असं धरू नका. तिथे अक्षरं एकदा तपासाच, नाहीतर क्वचित चुकीची जागा सापडते.