फायर एक्स्टिंग्विशरवरचं लेबल मराठीत कसं लिहायचं?

प्रश्न: नवीन ऑफिस भाड्याने घेतलंय, पुण्यात. दाराजवळ एबीसी पावडरचा ६ किलोचा आणि सर्व्हर रूमबाहेर सीओटूचा साडेचार किलोचा सिलिंडर आहे. सगळं इंग्रजीत. सफाईच्या मावशी आणि वॉचमन काका यांना कळेल असं मराठीत लिहून लावायचंय, ते ए, बी, सी म्हणजे नक्की काय आणि स्टेप्स कशा लिहू?

उत्तर: मी फायर सेफ्टीच्या एएमसीचं काम करतो, असले कागद बरेच बनवलेत. आधी एक सांगतो, मराठी कागद सिलिंडरवर चिकटवू नका, भिंतीवर लावा. सिलिंडर रिफिलला गेला की कधीकधी त्या जागी दुसराच येतो आणि तुमचा कागद जातो त्याच्याबरोबर. शिवाय मूळ लेबल, आयएसआय मार्क, रिफिलची तारीख हे झाकलं जाता कामा नये.

आता वर्ग. "अ, ब, क" असं करू नका, सिलिंडरवर इंग्रजी अक्षरं आहेत तर कागदावर पण तीच ठेवा आणि पुढे काय जळतंय ते लिहा. ए म्हणजे कागद, लाकूड, कापड, फोम. बी म्हणजे पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर असले पेटणारे द्रव. सी म्हणजे गॅस, तुमच्या पँट्रीत एलपीजी असेल तर तो. आणि इथेच घोळ होतो, कारण अमेरिकेत सी म्हणजे विजेची आग, आणि नेटवरचे बरेच तक्ते तिकडचे असतात, ते जसेच्या तसे मराठीत आणले की सगळं चुकतं. आपल्याकडे विजेला वेगळं अक्षर नाही. लेबलवर सी च्या शेजारचं चित्र बघा, प्लग आणि सॉकेट असेल तर ते अमेरिकन पद्धतीचं लेबल, गॅसची ज्योत असेल तर आपलं. चालू विजेवर मारता येतो का ते लेबलवर वेगळ्या ओळीत लिहिलेलं असतं, किती व्होल्टपर्यंत आणि किती अंतरावरून, ती ओळ कागदावर घ्याच.

गॅसच्या ओळीत एक वाक्य स्वतःहून घाला: "आधी रेग्युलेटर बंद करा." गॅस चालू ठेवून नुसती ज्योत विझवली तर गॅस खोलीत साठतो आणि नंतर एखाद्या ठिणगीने भडका उडतो.

स्टेप्स लिहिताना लेबलच्या क्रमापेक्षा हाताचा क्रम धरा. लेबल पिनपासून सुरू होतं, पण माणसाला त्याआधीचं पण सांगावं लागतं. मी पावडरसाठी असं लिहितो:

"आग! असं ओरडा, दुसऱ्याला १०१ ला फोन करायला सांगा. जमलं तर मेन स्विच बंद करा. बाहेर जायचं दार पाठीमागे राहील असं, आगीपासून दोन-तीन मीटरवर उभे रहा. सील तोडून पिन ओढा, पिन ओढताना वरची मूठ दाबू नका. पाइपचं तोंड आगीच्या बुडाशी धरा. आता मूठ दाबा आणि डावीकडून उजवीकडे फिरवत रहा. विझली नाही तर बाहेर पळा."

मूठ न दाबण्याचं कोणी लिहीत नाही, पण घाबरलेला माणूस सिलिंडर मुठीतच घट्ट आवळतो, मग पिन अडकते आणि लोक म्हणतात सिलिंडर खराब होता. "बुडाशी" ला पण जोर द्या, नवखा माणूस ज्वाळेवरच मारतो आणि पावडर वरून निघून जाते. पावडर पंधरा-वीस सेकंदच पुरते, म्हणून शेवटची ओळ ठळक करा.

सीओटूला तोच क्रम, पण दोन वाक्यं जास्त. एक, "काळ्या भोंग्याला हात लावू नका, हँडल धरा", कारण भोंगा इतका गार पडतो की कातडी भाजल्यासारखी होते. दोन, "मारून झालं की लगेच बाहेर या, आत थांबू नका", सर्व्हर रूम लहान असते आणि हा गॅस हवेतला ऑक्सिजन बाजूला सारतो, श्वास घेणं अवघड होतं. कागदाच्या गठ्ठ्यावर हा मारू नका असं पण लिहा, कागद उडतात, आणि विझले तरी आतली धग राहून परत पेटतात. उलट सर्व्हरवर पावडर मारली तर आग विझेल, पण ती पावडर सगळ्या बोर्डांवर बसते आणि धातू गंजवते, म्हणून तिथे सीओटू आधी.

कागद लावायला जाल तेव्हा पावडरच्या मीटरचा काटा हिरव्यात आहे का बघून घ्या. सीओटूला मीटर नसतो, तो वजन करूनच कळतो. बाटलीवर रिकामं वजन कोरलेलं असतं, त्यात साडेचार किलो मिळवा आणि काट्यावर ठेवा, साधारण साडेचारशे ग्रॅमच्या वर कमी भरलं तर रिफिलला पाठवा. आणि घरमालकाकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, मागा, महाराष्ट्रात २००६ च्या फायर कायद्याखाली तो वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, लायसन्सवाल्या एजन्सीकडून घ्यावा लागतो, आणि भाडेकरू म्हणून जबाबदारी तुमच्यावर पण येते.