वाइनची द्राक्षं एवढी बारीक आणि जाड सालीची का?

प्रश्न: नारायणगावच्या बाजूला एका बागेत वाइनची द्राक्षं चाखायला मिळाली. वाटाण्याएवढे मणी, चिवट साल, तोंडभर बिया. मार्केट यार्डातून आपण आणतो ती मोठी, बिनबियांची द्राक्षं का वापरत नाहीत?

उत्तर:

पुन्हा त्या बागेत जाल तेव्हा काळ्या वाइन-द्राक्षाचा एक मणी देठाकडून दोन बोटांत दाबा. साल वेगळी होते आणि आतला गर सरकन बाहेर येतो. तो जवळजवळ बिनरंगाचा असतो. आता राहिलेली साल बोटांवर चोळा. बोटं जांभळी होतात आणि जिभेला लावलं तर तोंड सुकल्यासारखं होतं. रेड वाइनचा रंग आणि तो तुरटपणा, म्हणजे टॅनिन, मुख्यतः या सालीतून येतो. थोडं टॅनिन बियांतूनही येतं. रसात असते ती साखर, आंबटपणा आणि पाणी.

म्हणून वाइनवाल्याला रसाच्या मानाने साल जास्त हवी असते, आणि ती मिळवायचा सरळ मार्ग म्हणजे मणी बारीक असणं. हिशोब करून बघा. १२ मिलिमीटरचा मणी साधारण एक ग्रॅमचा, म्हणजे किलोत हजाराच्या आसपास मणी. त्यांची साल उलगडून पसरली तर सुमारे ४५०० चौरस सेंटिमीटर भरते. २० मिलिमीटरचे मणी घेतले तर किलोत सव्वादोनशेच बसतात आणि साल भरते २८०० च्या आसपास. वजन तेवढंच, साल दीडपटीहून जास्त. त्यात कॅबरने सॉव्हिन्यॉनसारख्या जातीची साल जाड असते, मग फरक आणखी वाढतो.

ही साल वायनरीत रसासोबतच आंबते. ठेचलेली द्राक्षं टाकीत घातली की साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस पंपाने वर ओतावा लागतो. रंग पहिल्या काही दिवसांतच उतरतो. टॅनिन सावकाश उतरतं, अल्कोहोल वाढेल तसं. मोठ्या मण्यांची द्राक्षं अशीच आंबवली तर वाइन फिकट आणि पाणचट लागते.

आता खायच्या द्राक्षाकडे वळू. थॉम्पसन या बिनबियांच्या जातीचा मणी मुळात मोठा नसतो, हे शहरात फारसं कुणाला माहीत नसतं. त्याच्यातली बी कोवळी असतानाच खुंटते. बियांकडून मण्याला जी वाढीची संप्रेरकं मिळतात ती इथे अपुरी पडतात, म्हणून मणी छोटा राहतो. शेतकरी ती उणीव जीएने, म्हणजे जिबरेलिक ॲसिडने, भरून काढतो. घड द्रावणात बुडवतात किंवा फवारतात, विरळणी करून मण्यांना जागा करून देतात आणि काही जण खोडावर सालीची बारीक कडी काढून गर्डलिंग करतात, म्हणजे पानांत तयार झालेली साखर मुळाकडे न जाता घडात राहते. एवढं केल्यावर तुमच्या ताटातला टपोरा मणी तयार होतो. जातीची निवडही तशीच झाली आहे: बी नको, साल दाताखाली जाणवू नये, गर कुरकुरीत असावा आणि ट्रकच्या प्रवासात मणी गळू नयेत. वाइनच्या जातींत माणसाने चव आणि रंग जपले. मण्याचा आकार वाढवायची तिथे कुणाला गरजच नव्हती.

पाण्याचंही तसंच. खायच्या बागेत फुगवणीच्या काळात पाणी कमी पडू देत नाहीत. वाइनच्या बागेत मात्र बेताने ताण देतात, म्हणजे मणी फुगत नाही. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने पहिल्या वर्षी शिराझ या वाइनच्या जातीला थॉम्पसनच्या सवयीने पाणी दिलं. घड देखणे आले, वजनही भरलं, पण वाइन विटकरी-गुलाबी उतरली. ताण अति झाला तर दुसरं नुकसान होतं: पानं थकतात, साखर पुढे चढत नाही.

साखरेतला फरकही मोठा आहे. खायचं द्राक्ष १६ ते १८ ब्रिक्सला, म्हणजे रसात साधारण तेवढे टक्के साखर असताना, काढतात, रेड वाइनचं बहुधा २३-२५ ला. ब्रिक्सला ०.५५ ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो: २४ ला साधारण १३ टक्के, १७ ला नऊच्या थोडं वर. तुम्ही चाखलेली द्राक्षं पिकलेली असतील तर चिवट सालीच्या आत ती मार्केट यार्डातल्यापेक्षा गोड लागली असणार. आठवून बघा.

जाड सालीचा नियम सगळ्या जातींना लागू नाही, हेही सांगायला हवं. पिनो न्वारची साल पातळ असते आणि तिची रेड वाइन फिकट रंगाची असूनही नावाजलेली आहे. व्हाइट वाइनमध्ये बहुतेक वेळा रस लगेच गाळून साल बाजूला काढतात, त्यामुळे शेनँ ब्लाँसारख्या जातीत सालीचं महत्त्व बरंच कमी होतं.