परवल: कोणाचा शब्द?

'परवलीचा शब्द' यातली 'परवल' म्हणजे काय? आणि पहारेकरी तो शब्द विचारतो तरी कसा?

'परवल' हे फ्रेंच 'पारोल'चं मराठी रूप. 'पारोल' म्हणजे बोल, दिलेला शब्द. इंग्रजी फौजेतून तो आपल्याकडे आला. शिपायांच्या तोंडी 'हू कम्स देअर?'चं 'हुकुमदार' झालं, तसाच हाही रुळला.

गंमत अशी की जुन्या लष्करी रीतीत रात्री दोन शब्द ठरत. परवल फक्त पहाऱ्याच्या नायकांना आणि पहारा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना कळवत. उभ्या पहारेकऱ्याला मिळे तो दुसरा, 'काउंटरसाइन'. म्हणजे मराठीत आपण ज्याला परवलीचा शब्द म्हणतो, तो काटेकोरपणे पाहिलं तर परवल नव्हेच. पण भाषेनं एकदा पत्करलं की त्याला चूक म्हणवत नाही.

आता विचारण्याची रीत. पहारेकरी सहसा दोन तास उभा राहतो आणि चार तास विसावतो, म्हणून एका जागेसाठी तिघे लागतात. समजा अंधारात चार जणांची गस्त परततेय. चाहूल लागताच तो दबक्या पण ठाम आवाजात म्हणतो, "थांब! कोण आहे?" उत्तर आलं की एकट्यालाच पुढे बोलावतो आणि काही पावलांवर पुन्हा थांबवतो. मग फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू पहिला शब्द उच्चारतो, समजा 'कंदील'. समोरच्यानं ठरलेला जोडशब्द द्यायचा, समजा 'डोंगर'. नंतर तो आलेला माणूस पहारेकऱ्याजवळ थांबून बाकीच्या तिघांना एकेक करून ओळखतो, आणि पहारेकरी त्यांना मोजून आत घेतो. चौघांऐवजी पाच भरले, तर घोळ तिथेच उघडा पडतो.

शब्दांची जोडी असते ती दोघांची खात्री पटावी म्हणून. चौकी शत्रूच्या हाती गेली असेल, तर 'कंदील' ऐकू येणार नाही आणि आलेला माणूस सावध होईल. म्हणूनच 'दिवस–रात्र' अशी सहज जुळणारी जोडी निकामी. अर्धा शब्द ऐकणाराही उरलेला अर्धा ओळखेल.

१९४४च्या नॉर्मंडी स्वारीत अमेरिकी सैनिकांची 'फ्लॅश–थंडर' ही जोडी होती. 'थंडर'मधला 'थ' जर्मन जिभेला अवघड.

चूक बहुधा दोन ठिकाणी होते. आलेला अडखळला की पहारेकरी दयेनं अर्धं उत्तर सुचवतो, किंवा तो मोठ्यानं बोलतो आणि शब्द झाडीपलीकडे जातो. शब्द फुटल्याचा संशय आला तर लगेच बदलतात. एरवीही तो साधारण चोवीस तासांनी बदलतो. त्यामुळे बदलाआधी बाहेर पडलेल्या गस्तीला परतण्याच्या वेळेचा नवा शब्द निघतानाच सांगावा लागतो. नाहीतर आपलीच माणसं आपल्याच चौकीसमोर कालचा शब्द घेऊन उभी राहतात.