दोन मर्यादा, त्यातली लहान ती खरी

“फ्लॅट ५० लाखांचा आहे. ८० टक्के म्हणजे ४० लाख मिळायला हवेत ना? मग बँक २९ लाखांच्याही आत का बोलतेय?”

पुण्यात नोकरी करणारा एक तरुण गृहकर्जाचा सल्ला घ्यायला आईला घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा त्याची अडचण हीच होती. मी फ्लॅटबद्दल काहीच विचारलं नाही. “हातात पगार किती येतो?” “८० हजार.” “सध्याचे हप्ते?” “गाडीचे ९ हजार, पर्सनल लोनचे ६ हजार.”

त्याच्या बँकेनं सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ४० हजारांपर्यंत चालतील असं धरलं होतं. (ही टक्केवारी बँकेगणिक आणि पगारागणिक बदलते.) त्यातून १५ हजार आधीच बांधलेले, म्हणजे घरासाठी उरले २५ हजार. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली, तर एक लाखाचा हप्ता साधारण ८६८ रुपये पडतो. २५ हजारांत बसतात २८ लाख ८० हजार. बँकेचा आकडा इथून आला.

“आणि ते ८० टक्के?” ती दुसरी मर्यादा, घराच्या किमतीची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. पण किंमत कुठली? करारातली आणि बँकेच्या मूल्यांककानं काढलेली, यांतली जी कमी ती. मूल्यांकन ४६ लाखांचं आलं होतं, म्हणून ही मर्यादा ३६ लाख ८० हजार. दोन्हींपैकी लहान आकडा मंजूर होतो. सल्ला देताना मी नेहमी पगाराच्या बाजूनं सुरुवात करतो, कारण बहुतेकांचं कर्ज तिथंच अडतं.

आई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, “मग ते सहा हजारांचं कर्ज आधी मिटवलं तर?”

किल्ली नेमकी तिथंच होती. त्या कर्जाचे साधारण १ लाख ८ हजार बाकी होते. “पण ते पैसे डाउन पेमेंटसाठी ठेवलेत,” मुलगा म्हणाला. मी कागद त्याच्यापुढं सरकवला. सहा हजारांचा हप्ता सुटला की त्या जागी ६ लाख ९० हजारांचं गृहकर्ज बसतं. घरासाठी ३१ हजार मोकळे, म्हणजे पात्रता ३५ लाख ७० हजार, आणि ती मूल्यांकनाच्या मर्यादेतही बसते. मुदतपूर्व फेडीचं शुल्क तेवढं आधी विचारून घ्यायचं. क्रेडिट कार्डाची मोठी थकबाकीही बँका अशीच हप्ता म्हणून धरतात, तीही अर्जाआधी उतरवावी.

कर्ज मिटवल्यावर ‘नो ड्यूज’ पत्र घेऊन ते अर्जाला जोडायचं, कारण क्रेडिट रिपोर्टमध्ये ते बंद दिसायला वेळ लागतो.

एवढं करूनही कराराच्या किमतीतले १४ लाख ३० हजार स्वतःचेच लागणार होते. शिवाय पुण्यात पुरुषाच्या नावे ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेतीन लाख, आणि नोंदणीचे ३० हजार. एवढ्या किमतीच्या घराला हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. तेव्हा टोकन देण्याआधीच हातात १८ लाखांहून थोडे जास्त आहेत का, हे त्यानं पाहायचं ठरवलं.