पस सेल्सच्या आधी शेजारची ओळ वाच

लॅबमध्ये नवीन आहेस, म्हणून सांगतो. लघवीच्या रिपोर्टात प्रोटीन, पस सेल्स, कीटोन सगळं एकाच कागदावर दिसलं की लगेच किडनीवर जाऊ नकोस.

समज, खानापूरकडची एक बाई संकष्टीचा उपवास धरून निपाणीला आली. रिपोर्टात प्रोटीन १+, पस सेल्स ८-१०, कीटोन १+, साखर निल. पस सेल्स साधारण ५ पर्यंत चालतात, म्हणजे वाढलेत खरे. पण शेजारी एपिथेलियल सेल्स १५-२० आहेत. म्हणजे सॅम्पलमध्ये बाहेरच्या त्वचेचा, योनीमार्गाचा स्राव मिसळलाय, आणि त्यातून पस सेल्सही येतात, प्रोटीनही. पाळी चालू आहे का तेही विचार. धुऊन, पहिली धार सोडून मधली धार घ्यायला सांग आणि तासाभरात तपास. ठेवलेल्या लघवीत पेशी फुटतात.

दुसऱ्या सॅम्पलमध्येही पस सेल्स वाढलेलेच, वर जळजळ किंवा ताप असेल, तर इन्फेक्शनचा संशय. कल्चर अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. प्रोटीन तापात, कष्टाच्या कामानंतरही तात्पुरतं येतं. पुन्हा पुन्हा आलं तर मात्र किडनीची तपासणी हवी. गरोदर बाईत प्रोटीन दिसलं तर बीपी त्याच दिवशी बघायला लाव.

कीटोन उपवासाचे असणार, साखर निल आहे ना. कीटोनसोबत साखर ३+ आणि पेशंटला उलट्या, धाप असेल तर रिपोर्टची वाट बघायला लावू नकोस, डॉक्टरांना थेट फोन कर.